पाणी, सुरमई आणि एक तारा : एका उत्तराची सहा रूपं

दापोली तालुक्यात समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर एक घरगुती निवास आहे. चार खोल्या, पुढं अंगण, मागं विहीर. नवरा-बायको दोघंच चालवतात आणि हंगामात गावातल्या एक मावशी मदतीला असतात. मालकांना मी दादा म्हणते, त्यांच्या बायकोला वहिनी. मी पुण्यात हॉटेलच्या पाहुणे-कक्षात बरीच वर्षं तक्रारींची उत्तरं लिहायचं काम केलं. ते सोडल्यावर ओळखीतल्या अशा छोट्या व्यावसायिकांना पत्रव्यवहारात मदत करते. या प्रकरणातले प्रसंग आणि मजकूर त्यांच्या परवानगीनं मांडते आहे. कुणाची ओळख पटेल असे तपशील मात्र गाळले आहेत.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. रविवारी सकाळी सहा जणांचं एक कुटुंब दोन रात्री राहून परत गेलं. मंगळवारी रात्री सव्वादहाला गूगलवर एका ताऱ्याचा रिव्ह्यू पडला :

"अजिबात जाऊ नका. दोन दिवस ना एसी ना पाणी. वीज गेल्यावर मालकांना विचारलं तर म्हणतात, वीज माझ्या हातात आहे का. सुरमई थाळीचे ६५० रुपये, तुकडा बघा फोटोत. परत येताना मुलीला उलट्या. पैसे मात्र पूर्ण घेतले. नुसते फोटो सुंदर आहेत."

दादांनी तो वाचला आणि तासाभरानं उत्तर लिहून काढलं. टाकण्याआधी वहिनींनी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि तो मजकूर मला पाठवला. वर एवढंच लिहिलं होतं : "ताई, हे टाकू का असं विचारतायत. मला नको वाटतं." मजकूर असा होता :

"तुमच्यासारखी फुकटी गिऱ्हाइकं आम्ही रोज बघतो. वीज काय आमच्या घरात तयार होते का? वादळात झाड आम्ही पाडलं का? दोन दिवस पाणी नव्हतं हे धादांत खोटं. सकाळी तासभर नव्हतं, तेही तुमच्या लोकांनी रात्रभर नळ सोडून ठेवला म्हणून. सुरमई खायची हौस आहे पण पैसे द्यायची दानत नाही. दर आधी सांगितला होता, मेसेज आहे आमच्याकडे. रात्री दोनपर्यंत अंगणात तुमचं काय चाललं होतं ते लिहू का इथं? बाटल्या आम्ही उचलल्या. मुलगी आजारी पडली ती किनाऱ्यावरचा बर्फाचा गोळा खाऊन. ४६ लोकांनी चांगलं लिहिलंय ते काय वेडे आहेत? चोवीस तासांत हा रिव्ह्यू काढा, नाहीतर वकिलाची नोटीस येईल. नाव, पत्ता, आधार सगळं आहे आमच्याकडे."

मी कळवलं, "आज काही टाकू नका. पण हे पुसूही नका. सकाळी फोन करते."

पुसू नका असं सांगायला कारण होतं. रागात लिहिलेल्या मसुद्यात माणूस सगळं ओतून मोकळा होतो, आणि त्या ओतण्यात खरी माहितीही असते. वादळ, झाड, पाण्याचा तास, दर कळवल्याचा मेसेज, हे सगळं दादांनी पहिल्याच झटक्यात लिहिलं होतं. असा मसुदा फेकून कोऱ्या कागदावर नम्र उत्तर लिहायला बसलं की हाती उरतात फक्त गोड शब्द. म्हणून मी नेहमी त्या रागाच्या मसुद्यापासूनच सुरुवात करते.

आधी चौकशी

बुधवारी सकाळी दादा थोडे निवले होते, पण मुद्दा सोडत नव्हते. त्यांचा पहिला आग्रह होता की खोटा रिव्ह्यू आहे, गूगलकडे तक्रार करून काढून टाकू. मी त्यांना सांगितलं की शिवीगाळ, जाहिरात, विषयाशी संबंध नसलेला मजकूर, मुळात न आलेल्या माणसानं लिहिलेला रिव्ह्यू, असं नियमांचं उल्लंघन असेल तर तक्रार करता येते. पण पाणी एक तास नव्हतं की दोन दिवस, असल्या वादात गूगल पडत नाही. हा पाहुणा खरोखर राहून गेला होता. काढून टाकण्याची वाट बघत बसलो असतो तर तोवर तो रिव्ह्यू उत्तराविना तसाच दिसत राहिला असता.

दुसरी गोष्ट नुकसानीच्या अंदाजाची. दादांना वाटत होतं की हंगाम बुडाला. आधी ४६ रिव्ह्यू आणि सरासरी ४.७ होती. त्यात एक ताऱ्याचा एक मिळवला तर सरासरी येते ४.६ च्या आसपास. आकड्यानं फारसं काही बिघडलं नव्हतं. धोका होता तो मजकुराचा, कारण रिव्ह्यू ताजा होता, लांब होता आणि त्यासोबत फोटो होता. खोली शोधणारा माणूस सगळ्यात आधी असलेच वाचतो, आणि मग त्याखाली मालकानं काय लिहिलंय ते बघतो.

त्यानंतर आम्ही दादांचा मसुदा समोर ठेवून त्यातलं प्रत्येक विधान तपासायला घेतलं. मी वाक्य वाचायचं आणि विचारायचं : हे कशावरून?

वीज. शुक्रवारी रात्री नऊ-वीसला वादळात तारांवर झाड पडलं आणि वीज गेली. ती आली शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला. गावातल्या सगळ्यांनाच हे माहीत होतं. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, एसी आणि विहिरीवरचा पंप चालत नाही. म्हणजे एसी एक रात्र बंद होता, दुसऱ्या रात्री चालू होता. रिव्ह्यूतले "दोन दिवस" चूक, पण एक रात्र खरी.

पाणी. शनिवारी सकाळी साडेसहाला टाकी रिकामी झाली. शेजाऱ्यांचा जनरेटर आणून पंप सुरू केला तेव्हा पावणेआठ झाले होते. सव्वा तास. दादांचं म्हणणं होतं की पाहुण्यांनी नळ सोडून ठेवला. मी विचारलं, कुणी पाहिलं? कुणीच पाहिलं नव्हतं. हजार लिटरची टाकी संध्याकाळी भरलेली होती, रात्रीत रिकामी कशी होईल, म्हणून नळच उघडा असणार, एवढाच तर्क होता. मी प्लंबरला बोलवायला सांगितलं. तो दुपारी आला आणि त्याला दुसऱ्या खोलीतल्या फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळताना सापडला. रात्रभर पाणी गुपचूप वाहून जात होतं, आणि त्या खोलीत हे पाहुणे नव्हतेच. दादा फोनवर बराच वेळ बोलले नाहीत. ते वाक्य रात्रीच टाकलं असतं तर त्यांनी जाहीरपणे एका कुटुंबावर खोटा आळ घेतला असता.

सुरमई. व्हॉट्सॲपवर वहिनींचा शनिवारी दुपारी तीन-दहाचा मेसेज होता : "आज हर्णैला सुरमई महाग आहे, थाळी साडेसहाशेला पडेल, करू का?" त्यावर उत्तर होतं : "चालेल, सहा करा." जूनपासून मासेमारी बंद होते, मेच्या अखेरीला बंदरावर मागणी मोठी आणि आवक कमी, त्यामुळे भाव चढलेला असणं साहजिक होतं. दादांचा मुद्दा इथं पक्का होता. पण मी रिव्ह्यूचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव ताडून पाहिलं तर दोन्ही वेगळी होती. बुकिंग करणारे आणि मेसेजला होकार देणारे एक, रिव्ह्यू लिहिणारे त्यांच्याच कुटुंबातले दुसरे. लिहिणाऱ्याला दर पानावर बसेपर्यंत माहीतच नसावा. "तुम्ही मान्य केलं होतं" असं लिहिलं असतं तर त्यानं प्रामाणिकपणे "मी कधी मान्य केलं?" असं विचारलं असतं. ही चूक फार वेळा होते. रिव्ह्यू लिहिणारा आणि व्यवहार करणारा एकच आहे असं गृहीत धरू नये.

मुलगी. तिच्या आजाराबद्दल राहताना कुणी काही बोललं नव्हतं. बर्फाच्या गोळ्याची गोष्ट मावशींच्या ऐकिवातली. मावशींनी एवढं मात्र नक्की सांगितलं की शनिवारी सकाळी पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद होतं, म्हणून पिण्याचं पाणी त्यांनी स्वतः उकळून गाळून दिलं होतं.

आणि मग मावशींनी सहज म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली. त्या रात्री पाहुण्यांनी दोनदा विचारल्यावर दादा त्यांच्यावर खेकसले होते. रिव्ह्यूत लिहिलंय त्यापेक्षा शब्द जरा जास्तच कडक होते.

शेवटचा प्रश्न मी वहिनींना विचारला : एसीची खोली बत्तीसशेची, बिनएसीची चोवीसशेची. एक रात्र एसी चालला नाही, तर बिल किती केलं? वहिनींनी वही उघडून बघितलं. दोन्ही खोल्या, दोन्ही रात्री, पूर्ण बत्तीसशे.

माझ्या दृष्टीनं प्रकरण इथं उलगडलं. रिव्ह्यूत सात वाक्यं होती. दादांना सगळ्यात जास्त लागलं ते "नुसते फोटो सुंदर आहेत" हे. पण त्या पाहुण्याला लागलेलं वाक्य होतं "पैसे मात्र पूर्ण घेतले". बाकीची अतिशयोक्ती त्या एका वाक्याभोवती जमली होती. आणि ते वाक्य खरं होतं.

पैसे आधी, उत्तर नंतर

दोन खोल्यांचे आठशे-आठशे मिळून सोळाशे रुपये परत द्यायचे असं ठरलं. दादा लगेच म्हणाले, "मग त्यांना सांगू, पैसे देतो, रिव्ह्यू काढा." मी ठाम नकार दिला. रिव्ह्यू बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी पैसे वा सवलत देणं गूगलच्या धोरणात बसत नाही, आणि असा मेसेज पाहुण्याच्या हाती पडला तर तो त्याचाही फोटो टाकू शकतो. आधीच्या तक्रारीपेक्षा ते वाईट. पैसे द्यायचे कारण ते त्यांचे होते.

बुधवारी दुपारी वहिनींनी बुकिंग करणाऱ्यांना फोन केला. फोनवर काय बोलायचं तेही आम्ही आधी ठरवलं होतं : आधी मुलीची चौकशी, मग एसीचा हिशेब चुकल्याची कबुली आणि पैसे कुठं पाठवू एवढा प्रश्न. रिव्ह्यूचा विषय काढायचा नाही. मुलगी दुसऱ्या दिवशीच बरी झाली होती. पैसे यूपीआयनं गेले. फोन चार मिनिटांत संपला.

हे आधी करण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. उत्तरात "आम्ही परत करू" लिहिणं आणि "परत केले" लिहिणं यात वाचणाऱ्याच्या लेखी फार फरक आहे. पहिलं आश्वासन, दुसरी घडलेली गोष्ट. शिवाय पैसे हातात पडलेल्या माणसाला जाहीर उत्तर वाचताना भांडायला कारण उरत नाही.

काय गाळलं

आता दादांच्या मसुद्यातलं काय उत्तरात जायचं आणि काय कायमचं गाळायचं हे ठरवायचं होतं.

अंगणातल्या बाटल्यांबद्दल दादा अडून बसले. ते खरं होतं, आणि मावशींनी सकाळी उचलल्याही होत्या. मी त्यांना म्हटलं, "दादा, हे त्या एका माणसासाठी लिहिता, पण वाचणार कोण? पुढच्या महिन्यात यायचं ठरवणारं एखादं जोडपं, मित्रांचा घोळका, एखादी एकटी बाई. त्यांना यातून एवढंच कळेल की इथं राहिलं आणि मालकाशी बिनसलं, तर आपण रात्री काय करत होतो ते हा गावभर सांगतो." हा मुद्दा त्यांना लगेच पटला. राहायला येणारा माणूस घरधन्याच्या मौनावर विसंबून येतो. आधारच्या उल्लेखाचंही तेच. ओळखपत्राची प्रत राहण्याच्या नोंदीसाठी घेतलेली असते. ती धमकीसाठी वापरली की पुढचा कोणीही पाहुणा ती द्यायला कचरेल, आणि वैयक्तिक माहितीचा असा वापर कायद्याच्या अंगानंही अंगावर येऊ शकतो.

"फुकटी", "दानत नाही" आणि बाटल्यांचा सूर यांचा विचार बदनामीच्या अंगानंही केला. भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात बदनामी हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा सांगितली आहे. तिथं गोष्ट खरी असणं एवढ्यानं सुटका होत नाही, ती सांगणं सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. कुणी रात्री अंगणात काय प्यायलं यात सार्वजनिक हित दाखवणं अवघड आहे. वकिलाच्या नोटिशीची धमकी म्हणजे तर स्वतःच दार उघडून देणं.

"४६ लोक वेडे आहेत का" हे वाक्य निरुपद्रवी वाटतं, पण तेही गाळलं. ते ४६ रिव्ह्यू वाचणाऱ्याला शेजारीच दिसत असतात. आणि बाकी सगळे खूष होते असं सांगितल्यानं ज्याची रात्र उकाड्यात गेली त्याचा उकाडा कमी होत नाही.

बर्फाचा गोळा. दुसऱ्याच्या लहान मुलाच्या आजारपणाचं निदान जाहीरपणे करू नये, इतकंच. वाद जिंकला तरी वाचणाऱ्याच्या मनात आपण हरतो.

मधले दोन मसुदे

दादांचा पुतण्या मदतीला धावून आला आणि त्यानं हे पाठवलं : "प्रिय ग्राहक, आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे. कृपया अधिक माहितीसाठी संपर्क साधावा. – व्यवस्थापन." सभ्य होतं, पण त्यात ना पाणी, ना वीज, ना सुरमई. तोच मजकूर एखाद्या चपलांच्या दुकानाच्या रिव्ह्यूखाली चिकटवला तरी चालला असता. चार खोल्यांच्या घरात "व्यवस्थापन" कुठून आलं? ज्या घराची ओळखच वहिनींच्या हातची सोलकढी अशी आहे, तिथं हा आवाज परका वाटतो.

मग वहिनींनी स्वतः लिहिलं. त्यांना मुलीचं फार लागलं होतं : "आमची खूप मोठी चूक झाली. आमच्या जेवणामुळे लहान मुलीला त्रास झाला, हात जोडून माफी मागतो. पुन्हा असं होणार नाही." भावना खरी होती, पण दुसरं वाक्य धोक्याचं. जेवणामुळं त्रास झाला हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि लेखी कबुली एकदा दिली की ती कायमची राहते. पुढचा वाचणारा त्यातून एवढंच उचलतो की इथल्या जेवणानं पोरं आजारी पडतात, मालकांनीच मान्य केलंय. जे माहीत नाही ते ना कबूल करावं ना नाकारावं. आपण काय केलं ते मात्र सांगावं. आणि "पुन्हा असं होणार नाही" हे वीज आणि वादळाच्या गावात कुणी लिहू नये.

यानंतर मी एक मसुदा केला. तो जवळजवळ बरोबर होता, पण त्यातल्या एका वाक्यावर आम्ही अर्धा तास घालवला. मी लिहिलं होतं : "त्या रात्रीच्या त्रासाबद्दल माफी मागतो, पण वीज जाणं आमच्या हातात नव्हतं." वाचून दादाच म्हणाले, "ताई, हे मी त्या रात्री बोललो तेच झालं की." त्यांचं बरोबर होतं. मराठीत "पण"च्या पुढं जे येतं तेच मनात राहतं. माफी आधी आणि सबब नंतर आली की माफी पुसली जाते. आम्ही वाक्य उलटं केलं : "वीज आमच्या हातात नव्हती, पण एसीचे पैसे न घेणं आमच्या हातात होतं." शब्द जवळपास तेच, पण आता सबब आधी येऊन संपते आणि जबाबदारी शेवटी उरते.

दुसरी दुरुस्ती क्रियापदाची. "हिशेबात चूक झाली" असं लिहिलं होतं. आपल्याकडे चूक "होते", काच "फुटते", दूध "उतू जातं", करणारा कुठंच नसतो. ते बदलून "आम्ही केलं नाही" असं केलं. "तुम्हाला त्रास झाला असल्यास" मधलं "असल्यास"ही काढलं, कारण रात्रभर उकाडा सोसलेल्या माणसाला त्रास झाला की नाही याची शंका घेणारे आपण कोण? आणि "आपण"च्या जागी "तुम्ही" घेतलं. दादा कुणाला आपण म्हणत नाहीत, उत्तरातही म्हणू नये.

पाठवलेलं उत्तर

गुरुवारी संध्याकाळी हे टाकलं :

"नमस्कार. मुलीला परतीच्या वाटेवर त्रास झाला हे वाचून काळजी वाटली. इथं असताना ते आम्हाला कळलं नव्हतं, म्हणून रिव्ह्यू वाचल्यावर फोन करून चौकशी केली आणि स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि शुद्धीकरणाचं यंत्र तपासून घेतलं.

शुक्रवारी रात्री वादळात तारांवर झाड पडून वीज गेली, ती शनिवारी दुपारी आली. त्या रात्री एसी चालला नाही आणि सकाळी सव्वा तास नळाला पाणी नव्हतं. वीज आमच्या हातात नव्हती, पण एसीचे पैसे न घेणं आमच्या हातात होतं आणि ते आम्ही केलं नाही. ती रक्कम आता परत केली आहे. त्या रात्री मी तुमच्याशी तोडून बोललो, त्याबद्दल माफी मागतो.

मासळीचा भाव रोज बदलतो, म्हणून थाळीचा दर दुपारी कळवून, होकार आल्यावरच आम्ही स्वयंपाकाला लागतो. त्या दिवशीही बुकिंग करणाऱ्यांना कळवला होता. तो जेवायला बसणाऱ्या सगळ्यांना माहीत असावा, म्हणून आता ओटीवरच्या फळ्यावर लिहितो."

खाली दादांचं नाव आणि "मालक".

क्रम मुद्दाम असा ठेवला. मूल आधी, कारण तक्रारीत मूल आजारी असताना पैशानं सुरुवात करणारा मालक कुणालाच आवडत नाही. सुरमई सगळ्यात शेवटी, कारण तिथं दादांची बाजू भक्कम होती, आणि भक्कम बाजू आपली चूक मान्य केल्यावर मांडली तरच ऐकली जाते. "दोन दिवस हे खोटं" असं कुठंच म्हटलं नाही. शुक्रवार रात्र, शनिवार दुपार, सव्वा तास एवढं लिहिलं, वाचणारा स्वतः मोजतो. परत केलेली रक्कम लिहिली नाही, कारण आकडा लिहिला की तो पुढच्या प्रत्येक घासाघिशीचा पाया होतो. मावशींनी पाणी उकळल्याचा उल्लेखही मी शेवटच्या क्षणी काढला. खरं होतं, पण त्या ओळीत त्याचा सूर "आमच्याकडून झालंच नसेल" असा लागत होता. फळ्याचं वाक्य टाकण्याआधी दादांनी फळा खरोखर टांगून मला त्याचा फोटो पाठवला. त्याशिवाय मी ते वाक्य ठेवू दिलं नसतं.

दादांना आणखी एक वाक्य घालायचं होतं : पंपासाठी जनरेटर घेतो आहोत. जनरेटर अजून दुकानातच होता, म्हणून ते थांबवलं. मालकाचं उत्तर नंतर दुरुस्त करता येतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जनरेटर बसला, चालवून पाहिला, आणि मग शेवटी एक ओळ जोडली : "वीज गेली तरी पाणी राहावं म्हणून आता पंपाला जनरेटर जोडला आहे." त्याच दिवशी आम्ही त्यांच्या निवासाच्या माहितीतली "चोवीस तास पाणी" आणि "एसी खोल्या" ही दोन वाक्यंही दुरुस्त केली. वीज गेल्यास एसी चालणार नाही आणि त्या रात्रीचा दर बिनएसीचा लागेल, असं स्पष्ट लिहिलं. खरं तर हे वर्षभर आधीच लिहिलेलं असायला हवं होतं.

तो पाहुणा काही बोलला नाही. मालकानं उत्तर दिलं की रिव्ह्यू लिहिणाऱ्याला गूगलकडून सूचना जाते, त्यामुळे त्यानं ते वाचलं असणार. दहा-बारा दिवसांनी वहिनींच्या लक्षात आलं की रिव्ह्यूतलं "दोन दिवस" जाऊन तिथं "एक रात्र" आलंय आणि उलट्यांचं वाक्य गेलंय. तारा एकच राहिला, सुरमईच्या तुकड्याचा फोटोही राहिला. दादांना तो एक तारा अजूनही खुपतो, आणि मला ते समजतं. या पद्धतीनं रिव्ह्यू नाहीसा होत नाही.

दिवाळीच्या सुट्टीसाठी ऑक्टोबरमध्ये फोन सुरू झाले. वहिनींनी मला सांगितलं की नाशिकहून एका बाईंनी फोन केला आणि खोलीचा दर विचारायच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही लिहिलंय तो जनरेटर फक्त पंपाला आहे की पंख्यांनाही?" वहिनी म्हणाल्या, "फक्त पंपाला. पंखे इन्व्हर्टरवर चालतात, एसी चालणार नाही." बाईंनी तीन रात्रींसाठी दोन खोल्या घेतल्या आणि मासळीचा दर कधी कळेल ते विचारून ठेवलं.